पेन्सिलीतली नोंद

शाळेत तिला नाव नव्हतं असं नाही. पण एकवीस वर्षांत ते कुणाला लागलं नाही. पहिल्याच दिवशी एका लहानग्या मुलीने "मावशी, पाणी" म्हणून हाक मारली आणि मग मुलं, शिक्षक, पालक, भाजीवाला, एवढंच काय, तपासणीला येणारे साहेबसुद्धा मावशीच म्हणायला लागले. तिचं काम म्हणजे घंटा द्यायची, कपाटं उघडायची, वर्गावर्गात नोटीस फिरवायची, आणि सुट्टी झाली की बाकांखालचे डबे शोधून उद्यापर्यंत सांभाळून ठेवायचे. घंटेच्या बाबतीत तिचा हात असा की समोरच्या औषधाच्या दुकानातला माणूस आपलं घड्याळ तिच्या टोल्यावर लावून घेई.

तिची लेक याच शाळेत पाचवीत आली आणि यंदा दहावी झाली. चांगले गुण पडले. अकरावीला आरोग्यसेवेचा अभ्यासक्रम घेऊन पुढे परिचारिका व्हायचं तिने सातवीतच ठरवलं होतं, आईचा हात दारात चेंगरला तेव्हा पट्टी बांधता बांधता. निकालाच्या पत्रकांचा गठ्ठा आला तो मावशीनेच टपालातून उचलला, आणि ऑफिसात वाटप सुरू झालं तेव्हा ती रांगेच्या शेवटी लेकीबरोबर उभी राहिली. घरच्या माणसाने पुढे घुसू नये, हा तिचा नियम.

लेकीने पत्रक हातात घेतलं, गुण पुन्हा एकदा पाहिले, आणि मग तिचा चेहरा उतरला.

"आई, हे बघ."

वडिलांचं नाव बरोबर होतं. जन्मतारीख बरोबर होती. आणि आईच्या नावाच्या रकान्यात, बोर्डाच्या छापील अक्षरात, एकच शब्द होता: मावशी.

घरी नवऱ्याने सायकलचं चाक फिरवता फिरवता ते वाचलं. त्याचं पंक्चरचं दुकान घराच्या ओट्यावरच होतं. आधी तो हसला, मग बायकोकडे बघून गप्प झाला आणि मग राहवलं नाही म्हणून पुन्हा हसला.

"म्हणजे मी इतकी वर्षं लेकीच्या मावशीबरोबर संसार करतोय? लोक काय म्हणतील!"

"लोकांचं राहू द्या. कॉलेजवाले काय म्हणतील ते बघा," मावशी म्हणाली.

कॉलेजवाले काय म्हणतील ते दुसऱ्याच दिवशी कळलं. कागद तपासणाऱ्या बाईंनी जन्मदाखला आणि गुणपत्रक शेजारी शेजारी ठेवलं आणि मान हलवली. दोन्हीकडे आई एकच पाहिजे. वीस तारखेपर्यंत दुरुस्त पत्रक आणा. तेवढ्यात होत नसेल तर बोर्डात दुरुस्तीचा अर्ज दिल्याची पोच आणा, आम्ही जागा तात्पुरती धरून ठेवू आणि दुरुस्त पत्रकाला दोन महिने देऊ. दोन्हीपैकी काहीच नसेल तर जागा पुढच्या मुलीला जाईल. बाई वाईट नव्हत्या. त्यांच्यामागे पुढच्या मुलीची आईही उभी होती, एवढंच.

त्या दिवशी तीन तारीख होती.

लेक वाटेत म्हणाली, "चूक माझी पण आहे. परीक्षेआधी बोर्डाची यादी आली होती तपासायला. तूच वर्गावर्गात फिरवत होतीस. मी माझं नाव आणि विषय पाहिले आणि सही ठोकली."

"मी तर यादी हातात धरून उभी होते," मावशी म्हणाली. "मी तरी कुठे वाचली? चल. रडायचं असेल तर घरी जाऊन रड, इथे ऊन आहे."

रडायला मात्र कुणालाच वेळ मिळाला नाही. "असेल हरी तर देईल खाटल्यावरी" असं म्हणणाऱ्यांतली ती नव्हती. सकाळी देवापुढे हात जोडून ती रोज एवढंच म्हणायची, "पाय मी चालवते, वाट तू दाखव." त्या सकाळीही म्हणाली आणि निघाली.

पहिली वाट चुकीची निघाली. कचेरीबाहेरच्या टंकलेखकाने छातीठोक सांगितलं की प्रतिज्ञापत्र करा, सगळं होतं. त्याने एका कागदावर "मी शपथेवर सांगते की मीच या मुलीची आई आहे" असं छान टाइप करून दिलं. ते प्रतिज्ञापत्र, स्वतःचं ओळखपत्र आणि जन्मदाखला घेऊन ती बोर्डाच्या कार्यालयात गेली. खिडकी क्रमांक चारवर चष्मा कपाळावर चढवलेला एक माणूस होता. त्याने कागद पाहिले आणि एकेक परत सरकवला.

"हे प्रतिज्ञापत्र आजचं आहे, ओळखपत्रही आजचं आहे. आज तुम्ही कोण आहात ते यातून कळतं. आम्हाला पाहिजे ते वेगळं. मुलगी शाळेत दाखल झाली त्या दिवशी शाळेत काय कागद दिला होता, ते."

"आणि जन्मदाखला?"

"तो चांगला. तो जोडाच. पण नुसता घेऊन इथे येऊ नका. पालकाकडून आम्ही दुरुस्ती घेतच नाही, अर्ज शाळेमार्फतच यायला हवा." त्याने चष्मा खाली घेतला. "हे बघा बाई, बोर्डाचं पत्रक शाळेच्या नोंदवहीला धरून असतं. वहीत नाव बरोबर आणि आमच्याकडे चूक, तर काम सोपं. वहीतच चूक असेल तर आधी वही दुरुस्त. काय आहे वहीत?"

"माहीत नाही."

"मग ते आधी बघा. कागद लिहून घ्या." त्याने स्वतःच एका चिठ्ठीवर लिहिलं आणि वाचून दाखवलं. दाखल करताना भरलेला प्रवेश अर्ज. आधीच्या शाळेचा, शाळा सोडल्याचा दाखला, जो प्रवेशाच्या वेळी दिला होता तोच. नोंदवहीच्या त्या पानाची प्रत. तिन्हींवर मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का. मूळ गुणपत्रक आणि प्रमाणपत्र परत जमा करायचं, फी भरायची.

"नाव बदलायचं असेल तर ते प्रकरण निराळं आणि लांबलचक," तो म्हणाला. "तुमचं तसं नाही ना? नवीन नाव वगैरे?"

"नाही हो. जुनंच आहे. कुणी वापरलेलंच नाही."

खिडकीतला माणूस हसला. पण चिठ्ठीवर त्याने शेवटी दोन रेघा मारून एक ओळ जोडली: खाडाखोड चालणार नाही.

शाळेतली नोंदवही भाऊसाहेबांच्या ताब्यात असे. भाऊसाहेब म्हणजे शाळेचे मुख्य लिपिक. निवृत्तीला सात आठवडे राहिलेले, खिशाला दोन पेनं आणि कानावर एक पेन्सिल. वही लाल कापडाची, पाटाएवढी. मावशीनेच ती कपाटातून काढून टेबलावर ठेवली. इतकी वर्षं ती ही वही पुसत होती, उचलत होती, पावसाळ्यात उन्हाला लावत होती. उघडून कधी पाहिली नव्हती. आपल्या हातातल्या वस्तूवर आपला हक्क आहे असं काही जणांना वाटतच नाही.

पान सापडलं. ओळीत सगळं निळ्या शाईत होतं. आणि आईच्या रकान्यात पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहिलं होतं: मावशी.

 भाऊसाहेबांनी कानावरची पेन्सिल काढून टेबलावर ठेवली, जणू तिचाच गुन्हा.

"आठवलं," ते म्हणाले. "दुसऱ्या पालकाला मी चार वेळा परत पाठवतो कागदांसाठी. तुम्हाला म्हटलं, घरच्याच माणसाचं काय. सगळं मीच भरत होतो. मग विचारलं, मावशी, तुमचं कागदावरचं नाव काय हो? आणि तुम्ही तोंड उघडलंत तेवढ्यात..."

"घंटेची वेळ झाली."

"हो. तुम्ही पळालात. मी पेन्सिलीने लिहून ठेवलं. माझी पद्धत आहे ती. पेन्सिलीत असलं की विचारायचं राहिलंय असं समजायचं. पण समजायचं मी. आता यादी संगणकावर भरायला आला तो नवा मुलगा, त्याला काय माहीत? त्याने दिसलं ते टाइप केलं."

ऑफिसात कुणी नव्हतं. भाऊसाहेबांनी दाराकडे पाहिलं, खण उघडला, खोडरबर काढला.

"दोन मिनिटांचं काम आहे," ते हळूच म्हणाले. "शाई तीच आहे माझ्याकडे, अक्षरही माझंच. नाव सांगा. पान बरोबर झालं की प्रत काढतो, मुख्याध्यापिका सही करतील, उद्या तुमचा अर्ज बोर्डात."

मावशीचा हात वहीच्या कडेवर होता. वीस तारीख तिच्या डोळ्यांपुढे उभी होती, आणि तिच्याबरोबर लेकही, सातवीतली, हातात पट्टी घेऊन. मोह झाला नाही असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. रबर समोर होता, नाव तोंडात होतं.

"नको," ती म्हणाली.

"अहो, खोटं कुठे आहे त्यात? नाव तर खरंच लिहिणार."

"नाव खरं आणि तारीख खोटी. आज लिहायचं आणि सहा वर्षांपूर्वी लिहिलं असं दाखवायचं. उद्या बोर्डाने मूळ वही मागवली, खाली पेन्सिलीची खूण दिसली, तर लेकीच्या सगळ्याच कागदांवर संशय येईल. आणि तुमच्या निवृत्तीच्या तोंडावर तुमच्यावर. भाऊसाहेब, मला माझं नाव चोरून आत घालायचं नाही. पुढच्या दाराने जायचं आहे."

भाऊसाहेब थोडे दुखावले. "पुढच्या दारात मला लिहून द्यावं लागेल की चूक माझी."

"हो."

"सदतीस वर्षांत माझ्या नावावर एक खाडाखोड नाही."

"म्हणूनच तर. तुम्ही लिहून दिलंत तर ते खरं मानतील."

 भाऊसाहेबांनी रबर खणात टाकला.

मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसत म्हणाल्या, "वही दुरुस्त करायला मला शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी लागेल. मुलीची दहावी झाली, आता माझ्या एकटीच्या सहीने चालायचं नाही. आणि ते पहिलं विचारतील, प्रवेशाच्या वेळी नाव बरोबर दिलं होतं याला पुरावा काय? पालकाने दिलंच नसेल तर ती शाळेची चूक ठरत नाही. प्रवेश अर्ज काढा."

प्रवेश अर्ज काढायचा म्हणजे त्या वर्षीचा गठ्ठा शोधायचा. आणि गठ्ठा जागेवर नव्हता. भाऊसाहेबांनी दोन कपाटं उपसली. संगणकावरचा मुलगा शिडीवर चढून शिंकून आला. "हरवला असणार," तो म्हणाला. मावशी दारात उभी राहून आठवत होती. कागद भाऊसाहेबांचे असतील, पण त्यांची जागा कुठे, हे शाळेत एकाच माणसाला माहीत होतं.

"ज्या वर्षी या खोलीचं छप्पर गळलं," ती म्हणाली, "त्या वर्षी मी चार गठ्ठे प्रयोगशाळेत नेले होते. सांगाड्याच्या मागे. तीन परत आणले. चौथ्यावर मोडकी बाकं ठेवली गेली."

मोडकी बाकं हलवायला दुपार गेली. लेकही आली, ओढणी खोचून आईच्या बरोबरीने ओढायला लागली. सांगाडा एकदा लेकीच्या अंगावर कलला तेव्हा ती म्हणाली, "थांबा हो, अजून प्रवेश मिळाला नाही मला." गठ्ठा निघाला. फडकं कुजलेलं, पण आतले कागद कोरडे.

प्रवेश अर्ज भाऊसाहेबांच्या अक्षरात होता. आईचं नाव: रिकामं. मोठ्या बाईंनी सुस्कारा टाकला. पण अर्जाला मागे एक पिवळसर कागद टाचणीने लावलेला होता. टाचणी गंजून दोन्ही कागदांना धरून बसली होती. तो प्राथमिक शाळेचा, शाळा सोडल्याचा दाखला होता. चौथीपर्यंत लेक जिथे शिकली तिथला, तिथल्या मुख्याध्यापकांच्या सहीचा, शिक्क्याचा. वर कोपऱ्यात या शाळेचा 'मिळाला' असा शिक्का आणि तारीख. आणि तिसऱ्या ओळीत आईचं पूर्ण नाव, ठळक शाईत.

मावशीने तो तेव्हा पिशवीत घालून स्वतः आणला होता, चुरगळू नये म्हणून दोन वह्यांच्या मध्ये ठेवून.

"हे बघा," मोठ्या बाई भाऊसाहेबांना म्हणाल्या, "नाव आपल्या टेबलावर होतं. आपणच उतरवलं नाही."

भाऊसाहेबांनी खुर्ची ओढली. कुणी सांगण्याआधी कोरा कागद घेतला आणि लिहायला बसले. अर्ध्या पानाचं निवेदन होतं. पालकाने प्रवेशाच्या वेळी दिलेल्या दाखल्यावर आईचे नाव पूर्ण व बरोबर आहे. नोंदवहीत ते उतरवताना माझ्याकडून राहिले. पेन्सिलीत लिहिलेला शब्द हे नाव नसून शाळेत मारली जाणारी हाक आहे. शेवटच्या ओळीवर त्यांचं पेन अडखळलं. मग त्यांनी ती तशीच ठेवली आणि सही केली.

पुढचे दिवस मावशीने पायांवर काढले. शिक्षण कार्यालयात प्रकरण जमा केलं, तेव्हा तिथला कारकून म्हणाला, "आठवड्याने या." ती दुसऱ्या दिवशी गेली. "आठवड्याने म्हटलं ना?" "हो, ऐकलं. मी बसते इथे. माझी रजा आहे." बाकावर बसून ती जप करायची. कुणाच्या वाटेत येत नव्हती, पण साहेबांना येता-जाता दिसत होती. तिसऱ्या दिवशी कारकून वैतागून म्हणाला, "अहो, तुम्ही इथल्या घड्याळासारख्या झाल्यात!" "सवय आहे," ती म्हणाली. चौथ्या दिवशी आदेश निघाला. दाखला आणि जन्मदाखला जुळतात, नोंदीत दुरुस्ती करण्यास परवानगी.

सतरा तारखेला सकाळी वही पुन्हा टेबलावर आली. दुरुस्ती कशी करायची हे आदेशातच होतं. जुनी नोंद खोडायची नाही, तिच्यावर लिहायचं नाही; एक रेघ ओढायची की खालचं वाचता येईल, वर लाल शाईने बरोबर नाव, शेजारी आदेशाचा क्रमांक आणि तारीख, मुख्याध्यापिकांची सही.

भाऊसाहेबांनी पट्टी लावून 'मावशी'वर एक रेघ ओढली. लाल पेन उघडलं.

"दाखला समोर आहे," ते म्हणाले, "पण या वेळी तुमच्या तोंडून ऐकून लिहितो. सांगा, नाव."

मावशीने तोंड उघडलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे तिचं लक्ष गेलं. पहिल्या तासाला एक मिनिट बाकी होतं. पाय आपोआप दाराकडे वळले. भाऊसाहेबांचं पेन हवेत थांबलं. दोघांनाही तीच गोष्ट एकदम आठवली.

ती वळली, टेबलाशी परत आली आणि दोन्ही हात वहीच्या कडेवर ठेवून उभी राहिली.

"घंटा थांबेल," ती म्हणाली. "आधी लिहा."

आणि तिने नाव सांगितलं. स्वतःचं, नवऱ्याचं, आडनाव. सावकाश, मध्ये मध्ये थांबून, जसं वर्गात नोटीस वाचताना थांबायची. शेवटचं अक्षर होऊन शाई वाळेपर्यंत ती हलली नाही. मोठ्या बाईंनी सही केली. मग ती गेली आणि घंटा दिली. दोन मिनिटं उशिरा. समोरच्या औषधवाल्याने घड्याळ कानाला लावून पाहिलं म्हणे.

त्याच दुपारी शाळेचं पत्र, तिन्ही कागदांच्या शिक्का मारलेल्या प्रती, जन्मदाखला, आदेश आणि मूळ गुणपत्रक व प्रमाणपत्र बोर्डात जमा झालं. खिडकी क्रमांक चारच्या माणसाने एकेक कागद चिठ्ठीशी ताडून पाहिला. गंजलेल्या टाचणीच्या खुणेवर बोट ठेवून म्हणाला, "हा कागद होता म्हणून. नाहीतर वर्ष गेलं असतं." "प्रतिज्ञापत्र लावू का?" तिने विचारलं. "राहू द्या घरी, आठवण म्हणून." पोच मिळाली. अठराला ती कॉलेजच्या टेबलावर होती, आणि लेकीची जागा धरली गेली.

दुरुस्त गुणपत्रक सहाव्या आठवड्यात आलं. टपाल नेहमीप्रमाणे मावशीनेच घेतलं, टपालवहीत सही केली. पाकीट मात्र फोडलं नाही. ते शाळेच्या नावाचं होतं. तिने ते भाऊसाहेबांच्या टेबलावर ठेवलं. त्यांचा शेवटचा आठवडा होता. त्यांनी फोडलं, वाचलं, आणि लेकीला बोलावून घ्या म्हणाले.

लेक कॉलेजच्या नव्या पांढऱ्या गणवेशात आली. तिने पत्रक घेतलं, आणि गुणांकडे न बघता ती ओळ मोठ्याने वाचली. ऑफिसातली माणसं ऐकत होती. संगणकावरचा मुलगा म्हणाला, "अरे, हे मावशींचं नाव? मला माहीतच नव्हतं!"

"पुन्हा वाच," मावशी लेकीला म्हणाली.

लेकीने पुन्हा वाचलं.

बाहेरच्या व्हरांड्यातून पाचवीतल्या कुणीतरी हाक मारली, "मावशी, पाणी!" ती "आले" म्हणाली. पत्रकाची घडी न घालता ते लेकीच्या हातातल्या दोन वह्यांच्या मध्ये सरकवलं, तांब्या उचलला आणि गेली.